शुक्रवारच्या सेमिनारसाठी माझे प्रश्न (स्नेहल, आधीच पाठवतेय)

स्नेहल, तुझ्या स्थलांतराच्या सेमिनारला प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे आलंय. स्लाइड्स दोनदा वाचल्या. प्रश्न आधीच देतेय कारण तिथे तुला अडवायचं नाहीये, उत्तरं नीट यावीत एवढंच वाटतं, आणि कासवांचा विषय माझ्या खूप जवळचा आहे.

1) सगळ्यात मोठा प्रश्न स्लाइड 6 वर. 03233 नंबरचं ऑलिव्ह रिडले कासव, 2021 मध्ये ओडिशात गहिरमाथ्याला टॅग केलेलं, जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालायला आलं. तू नकाशावर श्रीलंकेला वळसा घालून लाल रेघ काढलीयस आणि खाली लिहिलंयस "3500 किमी प्रवास ट्रॅक झाला". पण हा तर परावर लावलेला धातूचा टॅग, तो कुठलाही सिग्नल पाठवत नाही. आपल्याकडे ठिपके दोनच आहेत, गहिरमाथा आणि गुहागर, मग मधली रेघ कुठून आली? ती मादी पाल्क सामुद्रधुनीतून आली नसेल कशावरून? आणि मधल्या जवळपास चार वर्षांत ती एकदाच आली की दोन-तीनदा ये-जा केली हे या डेटावरून सांगता येतं का? मला वाटतं नाही येत. रेघ तुटक कर आणि "अंदाजे" लिही.

2) त्याच स्लाइडवर "पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं एकच पॉप्युलेशन आहे" असं वाक्य आहे. एका मादीने दोन्ही किनाऱ्यांवर अंडी घातली हे पक्कं, आणि दोन्ही गट पूर्ण वेगळे आहेत या समजाला धक्का द्यायला एक मादी पुरते. पण "एकच" म्हणायला किती लागतील? ओडिशात टॅग हजारोंना लावलेत, त्यातली कोकणात किती सापडली? आणि कमी सापडली म्हणून कमी येतात असं तरी म्हणता येतं का, कारण त्या रात्री किनाऱ्यावर कासवमित्र फिरत होते म्हणून ही दिसली, जिथे कोणी फिरतच नाही तिथली कोण मोजणार? जनुकीय अभ्यास लागेल का, हे तू स्वतःहून बोललीस तर बरं.

3) सॅटेलाइट टॅगवाल्या. 2022 च्या प्रथमा, सावनी, लक्ष्मी, वनश्री, रेवा, आणि 2023 च्या बागेश्री, गुहा. बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली, हा खरा ट्रॅक आहे, तो मुख्य पुरावा म्हणून पुढे आण ना! फक्त या सातही अंडी घालायला आलेल्या माद्या, नर किनाऱ्यावर येतच नाहीत, तर "कोकणातली कासवं" या शब्दात नर कसे बसवलेस?

4) सिग्नल बंद झाला की स्लाइड 8 वर तू "मृत्यू" धरलायस. बॅटरी संपली, अँटेना मोडला, टॅगवर शेवाळ-बार्नॅकल चढले, इपॉक्सी सुटून टॅगच पडला, यातलं काय झालं हे कसं ओळखलंस?

5) सॅटेलाइट टॅगच्या फाइलमधला, प्रत्येक ठिपका किती अचूक आहे त्याचा क्लास देणारा `argos:lc` कॉलम पाहिलास का? क्लास 3 म्हणजे चूक साधारण 250 मीटरच्या आत, A आणि B ला चुकीचा अंदाजच दिलेला नसतो. कासव श्वासापुरतं वर येतं त्यामुळे A-B भरपूर असणार. मग "किनाऱ्यापासून 2 किमीच्या आत राहते" हा दावा कुठल्या क्लासच्या ठिपक्यांवर उभा आहे?

6) पट्टकादंब हंस एव्हरेस्टवरून उडतात, स्लाइड 11. ट्रॅकिंगमध्ये नोंदलेली सगळ्यात जास्त उंची 7290 मीटर, एव्हरेस्ट 8849. म्हणजे दाव्याला आधार नाही. पण दोन नोंदींच्या मधे पक्षी वर गेला असेल तर? "आधार नाही" आणि "खोटं ठरलं" यातला फरक तू कसा समजावशील, यावर सर नक्की थांबतील.

7) गॉडविट पक्ष्याचं 2022 चं उड्डाण, अलास्का ते टास्मानिया 13,560 किमी, 11 दिवस, ठीक. हे अंतर ठिपके सरळ जोडून काढलेलं, म्हणजे कमीत कमी तेवढं, एवढं सांग.

8) शेवटचा, नागालँडचे अमूर ससाणे. तू लिहिलंयस टॅगिंगमुळे शिकार थांबली. कत्तल 2012 ची, 2013 च्या हंगामात गावकऱ्यांनी शिकार बंद केली, आणि नागा, वोखा, पांगती या तिघांना टॅग लागले ते त्याच वर्षी नोव्हेंबरात. गावांनी निर्णय आधी घेतला ना? मग त्याचं श्रेय टॅगला कसं देतेस?