22 जून ते 1 ऑगस्ट: व्हिडिओ बंद, कुंड्या चालू

मंडळी, सोमवार 22 जूनपासून सहा आठवडे चॅनेलवर नवा व्हिडिओ येणार नाही. पुढचा व्हिडिओ रविवारी, 2 ऑगस्टला सकाळी 9 वाजता.

कारण सरळ आहे. बारा मिनिटांच्या एका व्हिडिओला आम्हा दोघांचे मिळून 18 ते 20 तास जातात आणि दोघांच्याही नोकऱ्या आहेत. मार्चपासून आठवड्याला एकाऐवजी दोन व्हिडिओ सुरू केले, तेव्हा वेळ वाचवायला तपासणीलाच कात्री लागली. त्यातून चुका झाल्या. सगळ्यात वाईट म्हणजे मावा-पिठ्या ढेकणाच्या व्हिडिओत कडुनिंबाच्या तेलाचं प्रमाण लिटरला 15 मिली सांगितलं गेलं. तेवढ्याने कोवळी पानं करपतात. योग्य प्रमाण असं: 1 लिटर पाणी, 5 मिली तेल, 1 ते 2 मिली लिक्विड सोप. आधी सोप पाण्यात ढवळा, मग तेल घाला, नाहीतर तेल वर तरंगतं आणि शेवटच्या फवाऱ्यात सगळं एकाच पानावर जातं. संध्याकाळी फवारा, द्रावण त्याच दिवशी संपवा. तो व्हिडिओ काढून टाकला आहे. ज्यांची झाडं करपली, त्यांची माफी मागतो.

या सहा आठवड्यांत जुने सगळे व्हिडिओ प्रमाणांसाठी पुन्हा तपासणार. चूक सापडली तर त्या व्हिडिओखाली पिन केलेल्या कमेंटमध्ये दुरुस्ती दिसेल. ऑगस्टपासून आठवड्याला एकच व्हिडिओ. दोनचा हट्ट संपला.

पाऊस मात्र आमच्यासाठी थांबणार नाही. म्हणून दर रविवारी (28 जून ते 26 जुलै) कम्युनिटी टॅबवर एक छोटी पोस्ट येईल. पाचही लिहून, तपासून तयार आहेत. तोवर एवढं कराच: कुंड्या विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवा, खालच्या ताटल्या काढा, तळाची भोकं काडीने मोकळी करा. पावसाळ्यात झाड पिवळं पडलं की लोक खत घालतात. बहुतेकदा मुळं पाण्यात गुदमरलेली असतात. झडीच्या दिवसांत खत नकोच, ते वाहून जातं. गोगलगायी रात्री 9 नंतर टॉर्च घेऊन वेचा, दिवसा त्या कुंडीच्या बुडाशी लपतात.

कमेंटना उत्तरं फक्त रविवारी. रोगाबद्दल विचारताना पानाच्या दोन्ही बाजूंचा फोटो हवा. वरच्या बाजूवरून केलेलं निदान म्हणजे निव्वळ अंदाज. बियांची पाकिटं 20 जूनपर्यंतच पोस्टात पडतील.

मेंबर्सना: पैसे दरमहा आपोआप कापले जातात. या काळात खास व्हिडिओ नसल्यामुळे नको असेल तर youtube.com/paid_memberships इथून खुशाल रद्द करा. आधी भरलेली मुदत संपेपर्यंत सवलती राहतील. परत यायचं की नाही ते ऑगस्टमधला व्हिडिओ पाहून ठरवा.

घंटीवर ‘सर्व’ निवडून ठेवा. 2 ऑगस्टचा विषय: टोमॅटो आणि वांग्याची रोपं ट्रेमध्ये. कोकोपीट आणि गांडूळखत तेवढं आणून ठेवा.