डीटीपी-डिझाइनच्या कामासाठी अर्ज, सोबत कामांची पीडीएफ

नमस्कार काका,

प्रेसवाल्यांच्या ग्रुपवर तुमचा मेसेज वाचला, कोरल चांगलं यायला पाहिजे, मराठी टायपिंग फास्ट पाहिजे आणि लग्नसराईच्या आधी जॉइन व्हायला पाहिजे असं लिहिलंय, तर तिन्ही जमतंय म्हणून लिहायलेय. मी शुभांगी, मूळची उदगीरची, सध्या लातुरात औसा रोडला राहते. आधी नांदेडला एका ऑफसेट प्रेसमध्ये होते, आता इथं फ्लेक्स आणि डिजिटल प्रिंटच्या दुकानात आहे. दुकान चांगलंय, त्रास काही नाही, पण दिवसभर वाढदिवसाचे बॅनर करून हात बिघडत चाललाय आणि ऑफसेटचं काम सुटायलंय, खरं कारण एवढंच.

सोबत पीडीएफ जोडली आहे, नऊ पानांची. याच्यापेक्षा दिसायला भारी कामं माझ्याकडं आहेत, लोगो, इन्स्टाच्या पोस्टी, एका शोरूमच्या उद्घाटनाचा मोठा फ्लेक्स, पण ते सगळं मुद्दाम बाहेर ठेवलं. तुमच्याकडं एक सिंगल कलर आणि एक टू कलर मशीन आहे आणि प्लेट बाहेरून सीटीपी होऊन येते हे बाइंडिंगवाल्या मामांकडून कळलं, आमच्या दुकानातली बिलबुकं पण तेच बांधतात. मग फोर कलरची चकाचक कामं दाखवून तुमच्या काय उपयोगाची, टू कलरवर ती काढायची म्हणजे कागद दोनदा घालणं आलं, त्यात पावसाळ्यात कागदानं ओल धरली की रजिस्टर हललंच. म्हणून एक किंवा दोन रंगांत बसवलेली आणि खरोखर छापून गिऱ्हाइकाच्या हातात गेलेली कामंच घेतलीत.

पहिलं बघायचं तर पान 3 बघा. नीट-जेईईच्या एका क्लासचं पॅम्प्लेट आहे, तुमच्याकडं जून-जुलैला असली किती येत असतील ते मी सांगायला नको, लातुरात राहतो आपण. क्लासवाल्या सरांना फोर कलरच पाहिजे होतं आणि बजेट टू कलरचंपण धड नव्हतं. मी काळा आणि नारंगी घेतला. पहिल्या प्रूफला गडद निळा आणि नारंगी होता पण सर म्हणाले आमची पोरं निळी का दिसायलीत, आणि बरोबरच होतं त्यांचं, गुणवंतांचे फोटो निळे चांगले दिसत नाहीत. मग फोटो काळ्यात ग्रेस्केल, त्यांच्या मागं नारंगीचा 20 टक्के टिंट, आणि हेडिंगच्या पट्टीत नारंगीवर काळ्याचा 40 टक्के टिंट चढवला तर तपकिरी असा तिसरा रंग फुकटात मिळाला. प्लेटा दोनच.

त्याच कामात साइजचं एक सांगते. सरांनी ए-फोर सांगितला होता. 23 बाय 36 च्या शीटमध्ये सगळे एकाच दिशेनं लावले तर पूर्ण ए-फोर 6 च बसतात, चार चार लावायला गेलं की 23 इंचाच्या बाजूला अर्धा इंच कमी पडतो. साडेआठ बाय अकरा केला की 8 बसतात आणि ग्रिपरला, कटिंगला जागा उरते. हातात घेणाऱ्याला फरक कळत पण नाही. 24 हजार पॅम्प्लेट होते, म्हणजे 4000 शीटच्या जागी 3000, दोन रीम वाचले, वाया जाणारा कागद वेगळा. गिऱ्हाइकाशी साइज ठरवतानाच हे बोलायचं असतं, डिझाइन पास झाल्यावर बोललं की त्याला वाटतं आपण काहीतरी कापायलोय.

पान 1 आणि 2 लग्नपत्रिका आहेत. मरून आणि सोनेरी, दोन रंग, सोनेरीची खरी शाई, पिवळा-तपकिरी मिसळून केलेला सोनेरी नाही. पान 1 च्या पत्रिकेत वर श्री तुळजाभवानी प्रसन्न, मग दोन्हीकडची आजोबा-पणजोबांची नावं, निमंत्रक, व्यवस्थापक, समस्त गावकरी मंडळी, खाली पोरांचं "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं". आपल्याकडची पत्रिका म्हणजे नावांची यादीच, पुण्याकडची चार ओळींची पत्रिका इथं दाखवली तर पाव्हणे रुसतात. त्यामुळं पत्रिकेत डिझाइन म्हणजे वेलबुट्टी नसतेच माझ्या मते, साठ-सत्तर नावं बसवून पण वाचता आली पाहिजेत, आणि कुणाचं नाव कुणाच्या खाली गेलं यावरून भांडण नको. मी नावांचा कागद गिऱ्हाइकाकडून हातानं लिहून, खाली सही घेऊन फोटो काढून ठेवते आणि प्रूफ व्हॉट्सअपवर लहान साइजमध्ये, वर आडवं "प्रूफ" असं लिहून पाठवते. स्वच्छ मोठी जेपीजी पाठवली की ती दुसऱ्याच दुकानात छापायला जाते हे तुम्हाला माहीतच असेल.

पान 2 वरची पत्रिका मराठी आणि उर्दू दोन्हीत आहे. मला उर्दू वाचता येत नाही हे आधीच सांगते, मजकूर इनपेजमधून ज्यांना येतं त्यांच्याकडून करून, तपासून, कर्व्ह करून घेतला आणि मी फक्त बसवला.

बिलबुकं पान 5 वर. दिसायला काहीच नाहीत, माझ्या बहिणीनं पीडीएफ बघून विचारलं हे कशाला टाकलंस म्हणून. पण प्रेस चालते ती याच्यावर. एक आडत दुकानाची पट्टी आहे, सोयाबीन-तुरीची, त्यात वजन, भाव, हमाली, तोलाई असे रकाने, दिवाणजी उभ्या उभ्या पेननं भरतात म्हणून ओळींची उंची वाढवून ठेवली आणि खालच्या कार्बन प्रतीवर आकडे स्पष्ट वाचता यावेत म्हणून रकान्यांच्या पार्श्वभूमीला टिंट अजिबात दिला नाही. दुसरं जीएसटीचं टॅक्स इन्व्हॉइस तीन प्रतींचं, ओरिजिनल, डुप्लिकेट, ट्रिप्लिकेट, जीएसटीआयएन, एचएसएनचा रकाना, आणि नंबरिंग मशीनसाठी वर उजवीकडं मोकळा चौकोन. बिल नंबर 16 अक्षरांच्या वर जाता येत नाही, काही व्यापारी दुकानाचं नाव, वर्ष सगळं नंबरात घुसवायला सांगतात तेव्हा समजावून सांगावं लागतं. तिसरं एका कंपोझिशनवाल्या किराणा दुकानाचं, त्याला टॅक्स इन्व्हॉइस चालत नाही, वर बिल ऑफ सप्लाय आणि टॅक्स गोळा करायला पात्र नसल्याची ओळ लागते. दिवाळीच्या आधी दोन महिने हीच कामं असतात, मला याचा कंटाळा येत नाही, उलट आवडतं, कारण बिलबुक चुकीचं निघालं तर गिऱ्हाइक पन्नास बुकं घेऊन परत येतं आणि बरोबर निघालं तर दरवर्षी येतं.

पान 6, 7 टेस्ट सिरीजची 32 पानी पुस्तिका, सिंगल कलर, 60 जीएसएम मॅपलिथो, मधोमध पिन. पातळ कागद म्हणजे मागचं पुढं दिसणार म्हणून कुठंही सॉलिड काळा पट्टा नाही. केमिस्ट्रीच्या आकृत्या सगळ्या कोरलमध्ये नव्यानं काढल्या, नेटवरून उचलून चिकटवलेल्या नाहीत, त्या छापल्यावर फाटतात. पानांची मांडणी पण मीच करते, प्लेटवाल्याकडं फॉर्म लावूनच फाइल जाते.

पान 8 निवडणुकीचं पत्रक. उमेदवाराचं नाव आणि चिन्ह झाकलंय, मला कुणाचा प्रचार करायचा नाही. दाखवायची आहे ती खालची बारीक ओळ, मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 127-क, ती ओळ नसली तर प्रेसवाल्यावर पण येतं. कार्यकर्ते रात्री अकराला येऊन सकाळी पाहिजे म्हणतात आणि प्रकाशकाचं डिक्लेरेशन मात्र नंतर देतो म्हणतात. माझ्याकडं तो कागद सही होऊन आल्याशिवाय फाइल प्लेटला जात नाही. तुमची पण पद्धत हीच असेल.

उरलेल्या पानांवर घाण्याच्या करडई तेलाचं लेबल आणि गोलाईचं रेखाचित्र असलेलं एका दुकानाचं कॅलेंडर आहे, ते सवडीनं बघा. लेबलवर एमआरपी आणि बॅचची जागा व्हार्निश न करता मोकळी सोडली आहे म्हणजे शिक्का पुसत नाही, एवढंच.

आता टायपिंग. युनिकोड आणि श्रीलिपी दोन्ही चालतं. तुमच्याकडं जुन्या फाइली श्रीलिपीतच असणार, आणि त्या युनिकोडमध्ये बदलल्या की "शेतकऱ्यांनो" चं "शेतकर्‍यांनो" किंवा त्याहून वाईट काहीतरी होतं, रफार भलतीकडं जाऊन बसतो. कन्व्हर्टर लावून मोकळं होऊन चालत नाही, पुन्हा डोळ्यानं वाचावंच लागतं, मी वाचते. खताच्या दुकानाच्या पत्रकात तोच शब्द सगळ्यात मोठा असतो. आणि बारीक मजकूर कायम 100 टक्के काळ्यात, ओव्हरप्रिंट, चार रंगांच्या काळ्यात कधीच नाही, नाहीतर थोडं रजिस्टर हललं की शिरोरेषेला सावली येते आणि आजोबा लोकांना चष्मा लावूनही वाचता येत नाही.

येत नाही ते पण सांगते. मशीन मला चालवता येत नाही, प्लेट बसवताना बघितलंय तेवढंच. फोटोशॉप कामापुरतं येतं, फोटो साफ करणं, बॅकग्राउंड काढणं. व्हिडिओ, ॲनिमेशन वगैरे अजिबात नाही.

पगाराचं मेसेजमध्ये काही लिहिलं नव्हतं. मला 20 हजारांची अपेक्षा आहे, लग्नसराईत आणि दिवाळीत उशिरापर्यंत थांबायची तयारी आहे, फक्त रात्री नऊनंतर असेल तर आधी दुपारी सांगा म्हणजे घरी कळवता येतं. आत्ताच्या दुकानात महिनाभर आधी सांगावं लागेल, त्यांची वर्षभराची कामं माझ्याकडं आहेत, अर्धवट टाकून येणं बरोबर वाटत नाही, तरी तुळशीचं लग्न व्हायच्या आत तुमच्याकडं असेन.

तुम्हाला वाटलं तर एखादं चालू काम द्या, रविवारी प्रेसमध्ये बसून तुमच्यासमोर करून देते, पैशांचा विषय नाही. फाइल प्लेटला जाऊ द्या आणि प्लेटवाल्याचा फोन परत येतो का बघा.

फोन दुपारी दोननंतर केला तर बरं, सकाळी काउंटरवर गर्दी असते. बोलावलंत तर छापील नमुने घेऊन येते, सोनेरी शाई पीडीएफमध्ये मळकी पिवळी दिसते.

आपली,
शुभांगी
औसा रोड, लातूर