४५ फुटांची वाट नको

सुहासदादा, ९:१२: मंडळी, प्लॅन असा. सांगलीत आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ४५ फुटांवर गेलं की सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगरमधली घरं हलवायला घ्यायची. दोन बोटी, बारा पोरं, मुक्काम शाळेत. चालेल ना?

स्वाती, ९:२१: दादा, बोटी, शाळा, जेवण सगळं तुम्ही पक्कं केलंय, त्यात मला काही बदलायचं नाही. फक्त ४५ हा आकडा मला पटत नाही.

४५ ही धोक्याची पातळी, इशाऱ्याची ४०. पण सूर्यवंशी प्लॉटमध्ये ४० व्हायच्या आधीच पाणी येतं. म्हणजे आपण निघू तेव्हा तिथं चालत जाता येणार नाही, प्रत्येक माणूस बोटीतूनच काढावा लागेल. २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटली ती आपण कुणीच विसरलेलो नाही. टेम्पोनं निघू शकणाऱ्या म्हातारीला बोटीत का बसवायचं?

शिवाय कोयनेचा विसर्ग वाढला तरी पाणी इथं पोचायला वेळ लागतो. तो वेळ आपल्या हातात असतो, तो असा घालवू नये. वारणाही फुगली की हरिपूरच्या संगमावर कृष्णेचं पाणी तुंबतं आणि मग चढ झपाट्यानं होतो.

सुहासदादा, ९:२६: अगं पण पोरं चार दिवस आधीपासून उभी ठेवायची का? आणि एकदा हलवलं नि पाणी चढलंच नाही, तर पुढच्या वेळी लोक दार उघडत नाहीत. मी हे पाहिलंय.

स्वाती, ९:३४: हे खरंय दादा, याचा मी विचार केला नव्हता. मग सगळ्यांना एकदम नको. ३० फुटांना नुसतं घरोघर सांगून येऊ, कागदपत्रं आणि औषधं पिशवीत भरून ठेवा म्हणून. ३५ ला अंथरुणाला खिळलेली माणसं, गरोदर बायका आणि जनावरं. बाकीच्यांचं कोयना आणि चांदोलीचा विसर्ग बघून तुम्हीच ठरवा, पण ४० च्या आत. तोवर चार-चार पोरांच्या पाळ्या, बाकीची घरी.

इरफान, ९:३७: जनावरांचं आधी बघा. म्हैस दारात असली की माणूस घर सोडत नाही. मागच्या वेळी एका काकांना तीनदा जाऊन आणायला लागलं होतं. टेम्पो माझा.

सुहासदादा, ९:४५: ३५ ला म्हातारी माणसं आणि जनावरं, मंजूर. ३० ला सांगायला जायचं तर माझ्याबरोबर त्या गल्लीतलंच कुणीतरी पाहिजे, आपलं तोंड बघून ऐकायचे नाहीत.

स्वाती, ९:४७: दत्तनगरच्या आशाताईंना मी सांगते, तिथं त्यांचा शब्द चालतो. अंथरुणाला खिळलेल्यांची यादी उद्या सकाळी दहापर्यंत टाकते. सूर्यवंशी प्लॉटमधली तुमच्या माहितीतली नावं तेवढी मला पाठवा.

सुहासदादा, ९:५०: सात आहेत. एकाला ऑक्सिजन लागतो, त्याचं वेगळं लिही.