चादरींच्या घडीतला आवाज

मे महिन्यातील दुपार होती आणि साखर पेठेतील बहुतेक दुकानांनी उन्हाच्या धाकाने अर्धी शटरे खाली ओढली होती. वडील टीव्ही बसवून देण्यासाठी अक्कलकोटला गेल्यामुळे त्या दिवशी दुकानाचा गल्ला आणि दुरुस्तीची वही ही दोन्ही गौरीकडे होती. स्क्रू-ड्रायव्हर मात्र वडिलांनी सोबत नेला होता.

नरसय्यामामा सायकल भिंतीला टेकवून आत आले आणि आल्या आल्या, दुकानात दुसरे कोणी नसतानाही, पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "टीव्ही मुका झाला आहे. एकाने येऊन पाहिला, बोर्ड गेला म्हणतो, बावीसशे रुपये मागतो. तुझ्या बापाला विचारायला आलो." पस्तीस वर्षे यंत्रमागावर उभा राहिलेला माणूस असाच बोलतो, मागाच्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचे म्हणजे ओरडावेच लागते, आणि पुढे माग सुटला तरी ती सवय सुटत नाही. गौरीने त्यांना पंख्याखालची खुर्ची दिली, माठातले पाणी दिले आणि वहीचे कोरे पान काढले.

"मामा, चित्र कसे दिसते?"

"झकास. माणसे बोलताना दिसतात, फक्त ऐकू येत नाही."

येथे गौरी क्षणभर थांबली, कारण पुढचा प्रश्न विचारणे अवघड होते. तिने तो वळसा घालून विचारला. "आवाज गेला हे घरात पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आले?"

मामा हसले. "तुझ्या मामीच्या. मला चार दिवस पत्ताच नव्हता. ती दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळते, तिची नजर पानावर आणि तंबाखूवर असते. मालिका ती कानाने बघते, मी डोळ्याने बघतो."

म्हणजे तक्रार खरी होती. गौरीने ते लिहून घेतले आणि ती पुढे गेली. एकाच वाहिनीवर आवाज नाही की सगळ्या? सगळ्या. नातू दुपारी मोबाइलसारखे यूट्यूब टीव्हीवर लावतो, तेव्हा आवाज येतो का? नाही, तेव्हाही येत नाही. या उत्तरासरशी सेटटॉप बॉक्स आणि त्याची वायर दोन्ही संशयातून सुटली, कारण यूट्यूबचा आवाज त्या पेटीतून येतच नाही; तो थेट टीव्हीतच तयार होतो. मग उरले ते टीव्हीच्या आतले काहीतरी, किंवा टीव्हीला कोणीतरी दिलेला हुकूम.

"रिमोटवरचे अधिकचे बटण दाबले की पडद्यावर पट्टी येते का?"

"येते की. साठपर्यंत नेली मी."

"पट्टीच्या शेजारी एखादे चित्र असते. कर्ण्यासारखे असते का? त्याच्यावर तिरकी रेघ आहे का?"

मामांनी डोळे मिटून आठवले. माग चालवताना हजारो धाग्यांमधून तुटलेला एक धागा नेमका टिपणारी ती नजर होती, तिच्यातून असे काही सुटणे कठीण. "आधी कर्णा असायचा. आता कमान असते. दोन्ही टोकांना गोळे असलेली."

गौरीची पेन्सिल थांबली. तिने वहीच्या कडेला तशी कमान काढून दाखवली आणि मामांनी मान हलवली. उत्तर जवळजवळ हाती आले होते, परंतु वडिलांनी तिला एक गोष्ट पक्की शिकवली होती: गिऱ्हाईक आपल्या शंकेला हो म्हणते ते पुष्कळदा आपल्याला बरे वाटावे म्हणून, तेव्हा शंका त्याच्या तोंडी घालायची नाही. म्हणून तिने कमानीचा विषय तेथेच ठेवला आणि वेगळीच वाट धरली.

"आवाज अगदी दिवसरात्र जातो का?"

"तीच तर मौज आहे, पोरी! सकाळपासून मुका असतो. रात्री आठला पोरगा कारखान्यातून आला की थोड्या वेळाने बोलायला लागतो. पोराला सुट्टी असेल त्या दिवशी तर सकाळपासून बोलतो. मामी म्हणते, टीव्ही त्याला भितो."

"आणि तो माणूस बोर्ड बघायला आला तेव्हा?"

"दुपारी बारा वाजता आला होता."

बिघडलेल्या बोर्डाला कारखान्याची पाळी कळत नाही. गौरी हे मनातच म्हणाली. "दादा सकाळी कामावर निघण्याआधी टीव्हीजवळ काही करतात का? घरात गेल्या महिन्यात नवीन काही आणले आहे का?"

मामांनी उत्तर देण्याऐवजी पाण्याचा पेला उचलला. तो रिकामा होता, तरीही त्यांनी तो तोंडाला लावला. गौरीने घाई केली नाही. पंखा फिरत राहिला आणि रस्त्यावरून एक रिक्षा गेली.

"पोराने आणले आहे," मामा शेवटी म्हणाले, आणि प्रथमच त्यांचा आवाज साध्या माणसाइतका खाली आला. "कानावर घालायचे. बिनवायरीचे. मी टीव्ही मोठा करतो, नातवाचा दहावीचा अभ्यास होत नाही म्हणून. रोज सकाळी तो ते चालू करून माझ्या उशाशी ठेवून जातो, आणि रात्री आला की बंद करून चार्जिंगला लावतो."

"आणि दिवसभर ते उशाशीच असते?"

"कपाटात ठेवतो. भिंतीतल्या. चादरींच्या घडीत." मग जरा थांबून ते म्हणाले, "कानाला ते लावून बसलो की गल्लीतला कोणीही म्हणेल, म्हातारा बहिरा झाला."

गौरीने वही मिटली नाही. "मामींनी कधी कपाटाबद्दल काही म्हटले का?"

मामा तिच्याकडे पाहत राहिले. "म्हटले होते. आठ दिवसांपूर्वी म्हणाली, कपाटातून डासासारखे काहीतरी गुणगुणते. मी म्हटले, तुला भास होतो."

तिने दुकानाच्या फोनवरून घरी फोन लावून दिला आणि मामींना एवढेच विचारले, की टीव्ही चालू आहे का, आणि असेल तर कपाटाचे दार उघडून चादरींना कान लावता येईल का. पलीकडे सूप खाली ठेवल्याचा आवाज आला, मग दाराच्या बिजागरीचा. नंतर मामी इतक्या जोरात बोलल्या की मामांनाही स्पष्ट ऐकू आले. "अगं बाई, सासू इथे रडते आहे!"

मग सांगण्यासारखे थोडेच उरले होते. ते यंत्र चालू झाले की टीव्ही ओळखीने त्याला जोडला जातो आणि स्वतःचे तोंड मिटून सगळा आवाज तिकडे पाठवतो. मामांनी पट्टी साठपर्यंत नेली होती, ती सगळी चादरींनीच ऐकली होती. मामींनी बटण दाबून ते बंद केले आणि फोनमधून मालिकेचे संगीत ऐकू येऊ लागले.

"किती द्यायचे?" मामांनी बंडीच्या खिशात हात घातला.

"मी काही उघडलेच नाही, मामा."

ते उठले, सायकलपर्यंत गेले आणि परत आले. दारातूनच, या वेळी अगदी हळू, त्यांनी विचारले, "असे होते का, की मी ते कानाला लावले आणि मामीलाही टीव्हीतून ऐकू आले? दोघांना एकदम?"

"काही टीव्हींमध्ये होते, काहींमध्ये नाही," गौरी म्हणाली आणि तिने वहीचे पान उलटले. "टीव्हीच्या पाठीमागे एक चिकटपट्टी असते, तिच्यावर मॉडेलचा नंबर लिहिलेला असतो. नातू संध्याकाळी तिचा फोटो काढून देईल का?"