‘पाणी लागलं!’ : प्रवेशवार वेशभूषा आणि प्रॉपर्टीची यादी

प्रयोग २६ डिसेंबर, सायंकाळी ६ वाजता, शाळेच्या पटांगणात. सामान विंगेत दुपारी ३ च्या आत.

मुलांनो, १९२४ साली याच तारखेला टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन सुरू झालं. महात्मा गांधी अध्यक्ष झाले ते तेवढ्याच एका अधिवेशनाला, आणि ते आपल्या बेळगावात. म्हणून रंगमंचावर १९२४ नंतरची एकही वस्तू दिसता कामा नये. मनगटी घड्याळं, हातातले रंगीत धागे, प्लास्टिकच्या बांगड्या, नेलपॉलिश हे सगळं त्या दिवशी घरीच ठेवून या.

जिच्यापुढे ज्याचं नाव, ती वस्तू त्यानेच आणायची, त्यानेच विंगेत ठेवायची आणि प्रवेश संपला की त्यानेच उचलायची. मित्राच्या हातात देऊन पाणी प्यायला जायचं नाही. गेल्या वर्षी ऐन प्रवेशात पत्र सापडलं नाही आणि बिचाऱ्या मुलीला कोऱ्या हातांनी पत्र ‘वाचावं’ लागलं. तिचा चेहरा मी अजून विसरले नाही. घरून आणलेल्या प्रत्येक वस्तूला आतल्या बाजूने लाल चिंधी बांधा. चिंधी असलेली वस्तू २७ तारखेला परत जाणार. पूर्ण यादी समृद्धीकडे (दहावी), दुसरी प्रत माझ्याकडे.

प्रवेश १ : विहीर

अधिवेशनाच्या छावणीला पाणी हवं म्हणून विहीर खणली, तिला पंपा सरोवर नाव दिलं. आज तीच काँग्रेस विहीर. सहलीला आपण तिच्या कठड्याशी उभे होतो, आठवतं ना?

टिकाव २, फावडी २, पाट्या ६ : ओमकार आणि श्रेयस (नववी). पाट्या बुट्टीवाल्यांकडच्या वेताच्याच आणा, पत्र्याची घमेली नकोत. टिकावाच्या टोकाला कापड गुंडाळून त्यावर मातीचा रंग द्यायचा, पुढच्या रांगेत लहान मुलं बसतात.
रहाट, सोल, पोहरा : बसवराज (दहावी). रहाट त्याच्या मामांच्या मळ्यातला आहे, दोघांनी उचलावा लागतो. सोल आदल्या दिवशी भिजवून वाळवा, नाहीतर कातर पडते.
तांब्याची घागर १, पितळी बिंदग्या २ : प्रणाली (आठवी). आत जेमतेम तांब्याभर पाणी ठेवा. पाणी लागल्यावर ते ओंजळीत घेऊन दाखवायचं आहे, म्हणून पाणी खरं हवं.
खणणारे ५ जण : गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर, बंडी, पटका. पटके श्रेयसच्या आजोबांनी बांधून द्यायचं कबूल केलंय, तेव्हा ५ वाजता त्यांच्यापुढे रांगेत बसा. बायका ३ : इरकली लुगडं, खणाची चोळी. जबाबदारी प्रणालीची. लुगडी नऊवारीच, पाचवारी पिन मारून नऊवारी करू नका. चालताना फसतं.

प्रवेश २ : अक्कांच्या सोप्यात

या प्रवेशात सगळं लक्ष चरख्यावर असतं. तो आपल्याला हुदलीच्या एका आजींनी दिला आहे. गंगाधरराव देशपांड्यांनी खादीचं काम ज्या गावात रुजवलं तेच हे हुदली. चरखा उभ्या चाकाचा आहे. पेटीचरखा मागू नका, तो नंतर आला.

चरखा १ : मल्लिका (दहावी). आणायला मी आणि मल्लिका दोघी जाऊ. चात काढून वेगळी, सुती फडक्यात गुंडाळून मल्लिकाच्याच पिशवीत राहील. ती केसभर जरी वाकली तरी सूत तुटतं. माळ जुनी आहे, एक जादा माळ बरोबर असू द्या. चाकाची डावीकडची एक आरी हलते. तिथे आजींनीच दोरा गुंडाळलाय, तो सोडू नका.
पेळू १२ : मल्लिका. निम्मे तालमीतच संपतील, संपू देत. प्रयोगाच्या दिवशी तिच्या हातून धागा निघाला पाहिजे.
टकळ्या ३, सुताच्या लडी ४ : वैष्णवी (आठवी). या अधिवेशनात काँग्रेसच्या सभासदाने महिन्याला २००० वार सूत द्यावं असं ठरलं, त्यावरच अक्का आणि सुनेचा संवाद आहे. ‘दोन हजार’ म्हणताना लड हातात हवी, बाजूच्या कोनाड्यात नको.
कंदील १ : यश (नववी). रॉकेल अजिबात नाही, आत पिवळा बॅटरीचा दिवा. काच तडकलेली चालेल, काजळी मात्र राहू द्या.
अक्का : काठाचं जुनं लुगडं, डोक्यावर पदर, कपाळाला आडवं कुंकू. सून : हिरव्या काचेच्या बांगड्या.

प्रवेश ३ : छावणी, नाव विजयनगर

झेंडा १ : समृद्धी. हा चुकला तर सगळं चुकलं. अशोकचक्राचा तिरंगा आणायचा नाही, तो तेव्हा नव्हता. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल आणि तिन्ही पट्ट्यांवर चरखा. ३ × २ फूट, खादीवर. शिवण आमच्या घरी होईल, चरखा रंगवेल तो ओमकार. काठी ७ फूट, बांबूची.
स्वयंसेवक ८ : पांढरा सदरा, पांढरी टोपी. टोप्या मोजून श्रेयसकडे, ८ अधिक २.
चटया ४, बांबू ६, खादीचं पांढरं कापड : बसवराज आणि यश. झोपडीची पुढची बाजूच उभी करायची आहे.

प्रवेश ४ : स्वागतगीत

गंगूबाई हनगल तेव्हा ११ वर्षांच्या होत्या, त्या दिवशी गाणाऱ्या मुलींत होत्या. जेवणानंतर पत्रावळी आपल्यालाच उचलायला लावतील ही भीती त्यांच्या मनात होती. आपल्या नाटकातली गंगू त्याच भीतीने पत्रावळींकडे बघते.

पत्रावळी २०, खरकटी दिसतील अशा : आर्या (सहावी). वर थोडा भात आणि आमटीचा रंग लावा. प्रवेश संपताच गोळा करा, पायाखाली आल्या तर घसरायला होईल.
परकर-पोलकं ४, दोन वेण्या, रिबिनीऐवजी सुती नाडी : वैष्णवी.
तंबोरा १ : संगीताच्या बाईंचा आहे, आर्याखेरीज कुणी हात लावू नये.

प्रवेश ५ : अध्यक्ष

गांधीजी : समर्थ (दहावी). डोक्यावर गांधी टोपी नाही. १९२१ पासून ते पंचाच नेसत होते, तोच नेसायचा. टकलाचा टोप, शेंडी, मिशी, गोल चष्मा. चष्म्याच्या काचा काढून टाका, दिव्याने चमकतात. डिसेंबरची थंडी आहे, म्हणून विंगेत समर्थची शाल घेऊन यश उभा राहील. रंगमंचावरची शाल वेगळी, पांढरी, खादीची. दोन्ही शालींची अदलाबदल होऊ देऊ नका.
गंगाधरराव : धोतर, सदरा, उपरणं. श्रेयसच्या काकांचं काठाचं उपरणं मिळालंय, त्याला सेफ्टी पिन टोचायची नाही.
गादी १, लोड १, शाईची दौत, टाक : वैष्णवी. दौत कोरडी.

परत करणं

२७ तारखेला सकाळी ८ वाजता सगळे इथेच जमा. आधी रहाट, मग तंबोरा, मग घागर-बिंदग्या. बिंदग्या चिंचेने घासून द्या. लुगडी घडी करून, घामट असतील तर धुऊन. चरखा मी स्वतः हुदलीला नेईन. मल्लिका बरोबर येईल आणि पहिल्यांदा कातलेली लड आजींच्या हातात देईल.