ऱ्हस्व वेलांटी

निवृत्तीनंतर नाना कंत्राटावर परतले ते पुण्यातल्या त्याच सरकारी कचेरीत. टाइपरायटर भंगारात गेलेला, टेबलावर कीबोर्ड.

पहिल्याच पत्रात 'विषय' उमटेना. टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची, मग अक्षर. कीबोर्डच्या इनस्क्रिप्ट मांडणीत नेमकं उलटं. उभ्या नोकरीची बोटं ऐकतात होय! ओळ संपली की डावा हात रूळ ढकलायला आपसूक हवेत.

"काका, हळू मारा, कळा तुटतील," शेजारची मुलगी म्हणाली.

"कार्बनखालची चौथी प्रत उमटायला हवी ना गं!"

संध्याकाळी प्रिंटरमधून चार प्रती निघाल्या. नानांनी चौथी उजेडात धरली.

"हीपण स्वच्छ वाचता येते. आता रेकॉर्डवाल्यांना सबब काय उरली?"