मधुरा आणि अनिकेत यांचा विवाह : पाहुण्यांसाठी वेळापत्रक

॥ श्री महागणपती प्रसन्न ॥

शुक्रवार २७ नोव्हेंबर ते मंगळवार १ डिसेंबर २०२६
वाई आणि पुणे

सप्रेम नमस्कार.

पत्रिका आपल्याला पोचली आहेच. ती छापून झाल्यावर तीन गोष्टी बदलल्या, म्हणून हे कार्ड. पत्रिका आणि कार्ड यांत फरक दिसला, तर कार्डावरचे खरे धरावे. मुहूर्त, विवाहाचे ठिकाण आणि वधू-वर मात्र पत्रिकेत आहेत तेच.

काय बदलले

१. हळद : पत्रिकेत शनिवारी दुपारी ४ वाजता कार्यालयात, असे आहे. आता अनिकेतची हळद जानवशाला ३.३० वाजता आणि मधुराची वाड्यावर ५ वाजता.

२. सीमांतपूजन : पत्रिकेत कार्यालयात संध्याकाळी ६.३०. आता जानवशाला, संध्याकाळी ७ वाजता.

या दोन्ही बदलांचे कारण एकच. शनिवारी संध्याकाळी कार्यालयात दुसऱ्या कुटुंबाचा स्वागतसमारंभ आहे आणि ते आपल्या ताब्यात रात्री ९ नंतर मिळणार आहे. तेव्हा शनिवारी कार्यालयाच्या दारात कुणी गजरे माळून उभे राहू नये. तिथेही आग्रहाने जेवायला बसवतील, पण लग्न आपले नसेल.

३. स्वागतसमारंभ : पत्रिकेत रविवारी संध्याकाळी ६.३०, कार्यालयाची हिरवळ. आता रविवारीच दुपारी १.३० ते २.४५, कार्यालयाचे मुख्य सभागृह. रविवारी संध्याकाळी पुण्याकडे निघालेल्या गाड्यांची खंबाटकीच्या अलीकडे रांग लागते. लहान मुले आणि म्हातारी माणसे घेऊन रात्री त्या रांगेत अडकण्यापेक्षा सर्वांनी उजेडी निघावे, असे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी ठरवले.

कार्डात वापरलेली ठिकाणांची नावे

वाडा : मधुराचे घर, गणपती आळी, वाई. आळी अरुंद आहे आणि चारचाकी आत आणली तर ती मागे घेतच बाहेर काढावी लागते. गाड्या कार्यालयाच्या आवारात ठेवून चालत यावे, पाच-सात मिनिटांचा रस्ता आहे.

कार्यालय : पत्रिकेत नाव-पत्ता आहे तेच. विवाह तळमजल्यावर, जेवण पहिल्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण एका वेळी चार माणसांचीच. ती गुडघेदुखीवाल्यांसाठी राहू द्यावी.

जानवस : वरपक्षाच्या मुक्कामाचे हॉटेल, पाचगणी रस्त्यावर, पसरणी घाट सुरू होण्याच्या अलीकडे. घाट चढू लागलात म्हणजे पुढे गेलात.

शुक्रवार, २७ नोव्हेंबर : वाडा

सकाळी ९ : ग्रहमख आणि देवक. घरच्यांसाठी.
संध्याकाळी ५ पासून : मेंदी आणि बांगड्या. बांगड्या भरणाऱ्या मावशी ८ वाजता उठतात, नंतर आलेल्यांना हातात आहेत त्याच बांगड्यांवर लग्न साजरे करावे लागेल.

शनिवार, २८ नोव्हेंबर

सकाळ मोकळी आहे. बाहेरगावच्या मंडळींनी महागणपतीचे, म्हणजे ढोल्या गणपतीचे दर्शन घ्यावे. मूर्ती एवढी मोठी आहे की नावाचे कारण कुणाला विचारावे लागत नाही. वेळ असेल तर मेणवलीचा घाट आणि नाना फडणवीसांचा वाडाही पाहून होतो. घाटावरची मोठी घंटा वसईच्या मोहिमेनंतर आणलेली आहे. मुले ती वाजवायला बघतात, लक्ष ठेवावे.

दुपारी १२.३० ते २ : साधे जेवण, दोन्ही ठिकाणी. जे जिथे उतरले असतील त्यांनी तिथेच जेवावे.

दुपारी ३.३० : वराची हळद. जानवस. (ठिकाण आणि वेळ बदलली)
दुपारी ४.३० : उष्टी हळद घेऊन करवली आणि पाच सवाष्णी जानवशाहून वाड्याकडे निघतील. गाडी ठरवली आहे, जागा सातच आहेत. बाकीच्यांनी या गाडीमागे आपापल्या गाड्या आळीत घालू नयेत.
संध्याकाळी ५ : वधूची हळद. वाडा. (ठिकाण आणि वेळ बदलली) पांढरे किंवा आवडीचे कपडे घालून कुणी येऊ नये, ही सूचना मुख्यतः अनिकेतच्या मित्रांसाठी.

संध्याकाळी ७ : सीमांतपूजन. जानवस. (ठिकाण आणि वेळ बदलली) पूर्वी वऱ्हाड गावाच्या वेशीवर आले की मुलीकडचे तिथे जाऊन वराची पूजा करत. यंदा आम्ही खरोखरच आपण होऊन वऱ्हाडाकडे येतो आहोत, म्हणजे नाइलाजाने का होईना, रीत जास्त नेमकी पाळली जाईल. वधूकडच्या मंडळींसाठी वाड्यासमोरून नाही, तर कार्यालयाच्या फाटकापासून ६.३० वाजता मिनीबस सुटेल.
रात्री ८.३० : व्याहीभोजन. जानवस.
रात्री १०.१५ : वाड्याकडे परतीची मिनीबस. दुसरी नाही.

रविवार, २९ नोव्हेंबर : विवाह, कार्यालय

मुहूर्त : सकाळी ११ वाजून ३४ मिनिटे.

या कार्डावर मिनिटाला पक्की अशी एवढीच वेळ आहे. बाकीच्या वेळा दहा-पंधरा मिनिटे इकडेतिकडे होतील आणि त्याबद्दल कुणी घड्याळ दाखवू नये. ही एक मात्र कुणासाठीही थांबणार नाही. घाटात अडकलेल्या मावशीसाठी नाही आणि बॅटरी बदलणाऱ्या फोटोग्राफरसाठी तर नाहीच.

पुण्याहून बस : कोथरूड पहाटे ५.४५, स्वारगेट ६.१५. बस ठरल्या मिनिटाला निघेल. स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांनी सुरूर फाट्यावर महामार्ग सोडावा. नाश्ता मिळावा असे वाटत असेल तर पुणे साडेसहाच्या आत सोडावे.

जानवशाहून कार्यालयात मिनीबस : ७.१५, ८.३०, १०.०० आणि शेवटची १०.४५. अनिकेत आणि घरची मंडळी ८.३० च्या बसच्या पुढे वेगळ्या गाडीने निघतील.

सकाळी ८ ते ९.३० : नाश्ता, पहिला मजला. उपमा, शिरा, चहा, कॉफी. साडेनऊला आचारी तीच भांडी जेवणासाठी घेतात, त्यामुळे ९.३५ ला आलेल्यांना फक्त चहा.

सकाळी ९ : वराचे स्वागत आणि मधुपर्क.
सकाळी ९.३० पासून : रुखवत मांडलेले असेल, मुख्य सभागृहात उजव्या हाताला. पाहावे, वाखाणावे, उचलून पाहू नये. साखरेची दोन तुळशीवृंदावने आजीने डोळ्यांवर ताण देऊन केली आहेत.
सकाळी १०.१५ : गौरीहरपूजन. मधुरा मामाने दिलेली पिवळी साडी नेसून गौरीहरापाशी बसेल. ती त्या वेळी एकटी शांत बसलेली बरी. गप्पा आणि सेल्फी नंतर भरपूर होतील.

सकाळी ११ : सर्वांनी सभागृहात बसावे. पहिल्या दोन रांगा ज्येष्ठांसाठी. अक्षता खुर्च्यांवर छोट्या द्रोणांत ठेवलेल्या असतील. तांदूळ थोडा आणि फुलांच्या पाकळ्या जास्त, अशी मिसळण आहे. प्रत्येक मंगलाष्टकानंतर ‘सावधान’ झाले की चिमूट टाकावी, पहिल्याच कडव्याला द्रोण रिकामा करू नये. मंगलाष्टके सहा आहेत. घरातल्या आणखी तिघांना स्वतः रचलेली म्हणायची होती, त्यांना स्वागतसमारंभात वेळ दिला आहे.

सकाळी ११.२० : मामा मधुराला बोहल्यावर आणतील. मामा म्हणजे हे कार्ड लिहिणारा मीच. तेव्हा ११ ते १२ या वेळात ‘आम्ही फाट्यावर आहोत, पुढे कसे यायचे’ असा फोन मला करू नये.

११.३४ : अंतरपाट दूर होईल. या क्षणी सगळे उभे राहतात आणि मागच्यांना पुढच्यांच्या पाठी दिसतात. म्हणून यंदा विनंती अशी, की पहिल्या पाच रांगांनी बसूनच अक्षता टाकाव्यात. मोबाइल डोक्याच्या वर धरू नये. चित्रण चालू आहे आणि ते सर्वांना पाठवले जाईल.

त्यानंतर कन्यादान, कंकणबंधन, मंगळसूत्र, विवाहहोम, लाजाहोम, कानपिळी, सप्तपदी. साधारण १.१५ पर्यंत. बहुतेक मंडळी या वेळी जेवायला जातात, आणि जावेही. पण सप्तपदी पाहायची असेल तर १२.५० च्या सुमारास खाली यावे. गुरुजी प्रत्येक पावलाचा अर्थ मराठीत सांगणार आहेत. कानपिळी त्याच्या थोडी आधी असेल. मधुराचा भाऊ गेले महिनाभर त्याचा सराव करतो आहे.

दुपारी १२ ते ३ : भोजन, पहिला मजला. एका बाजूला बुफे, दुसऱ्या बाजूला पंगत. पंगती १२.१५ आणि १.१५ वाजता बसतील. अळूची भाजी, मसालेभात, जिलेबी, मठ्ठा दोन्हीकडे सारखेच. मधुमेहींसाठी वेगळे गोड नाही, एक जिलेबी कमी घ्यावी. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी निर्धास्त जेवावे, कशातच नाही.

दुपारी १.३० ते २.४५ : स्वागतसमारंभ, मुख्य सभागृह. (वेळ आणि जागा बदलली) आहेर आणि पुष्पगुच्छ आणू नयेत, आशीर्वाद पुरेत. रांग डावीकडून चढून उजवीकडून उतरेल.

दुपारी ३ : विहिणींची पंगत. वधू-वरही याच वेळी जेवतील. सकाळपासून दोघांच्या पोटात काही नसेल, म्हणून कृपया २.४५ नंतर ‘एकच फोटो’ नको.

दुपारी ४ : सूनमुख आणि झाल.
दुपारी ४.४५ : पाठवणी.
संध्याकाळी ५.१५ : पुण्याची बस परत निघेल, कार्यालयाच्या फाटकापासून. कार्यालय ६ वाजता सोडायचे आहे. खोल्यांमधले चार्जर आणि स्वच्छतागृहातल्या खुंटीवरच्या अंगठ्या आठवून घ्याव्यात.

रात्री ८.३० च्या सुमारास : गृहप्रवेश, पुणे. फक्त वरपक्षाची घरची मंडळी.

मंगळवार, १ डिसेंबर : पुणे, अनिकेतचे घर (पत्रिकेतील पत्ता)

सकाळी १० : सत्यनारायणाची पूजा. दुपारी १२.३० ते ३ : तीर्थप्रसाद आणि भोजन. सोसायटीत बाहेरच्या गाड्यांना जागा नाही, रिक्षाने यावे.

सामान, चौकशी वगैरे

रेल्वेने येणाऱ्यांनी सातारा किंवा वाठार स्थानकाचे तिकीट काढावे आणि गाडीची वेळ आदल्या दिवशी कळवावी. घ्यायला कुणीतरी येईल. चौकशीचे नंबर पत्रिकेच्या मागच्या बाजूला आहेत, त्यांतला दुसरा वाहनांसाठी. नोव्हेंबरअखेर वाईत रात्री गारवा असतो, शाल किंवा स्वेटर बरोबर असू द्यावा.

ज्या घरी पत्रिका एकच गेली आहे पण माणसे दोन गावांत राहतात, त्यांनी या कार्डाचा फोटो दुसऱ्या गावी जरूर पाठवावा. फक्त आतली दोन्ही पाने पाठवावीत. नुसत्या पहिल्या पानावर विसंबलेले काका शनिवारी कार्यालयात जाऊन बसतील.

आपला,
मधुराचा मामा
(दोन्ही घरांच्या वतीने)